आईच्या वहीचं पान फोटो काढून वाचून घ्यायचं असेल तर: पहिल्या फोटोपासून शेवटच्या शब्दापर्यंत

माझ्याकडे आईची एक वही आहे. १९७१ सालची, पेन्सिलीनं लिहिलेली, पिवळी पडलेली. आई चौथी शिकलेली होती. मसाले, पापड, सांडगे, उसनवारी सगळं ती त्यातच लिहायची. मी अंबाजोगाईला असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. इतकी वर्षं पोरांचं किडेमुंग्यांसारखं अक्षर लावलं, पण आईचं अक्षर मलाच लागेना, कारण पेन्सिल पार फिकट झालेली. शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सुचवलं, "बाई, फोटो बघून मजकूर वाचणारे प्रोग्राम आलेत. त्याला पाठवून तर बघा."

पाठवला. पुढच्या पंधरा दिवसांत जे जे चुकलं आणि जे जमलं, ते क्रमानं लिहिते आहे. घरात अशी वही, जुनं पत्र किंवा हिशेबाचा कागद असेल आणि तुम्ही यात नवीन असाल, तर माझ्या चुका तुम्हाला परत कराव्या लागणार नाहीत.

जवळ काय काय असावं

- कॅमेरा चांगला असलेला कोणताही स्मार्टफोन आणि नेट
- फोटो घेणारा एखादा प्रोग्राम (जेमिनी, चॅटजीपीटी, क्लॉड हे सगळे फोटो घेतात, मराठीत उत्तरही देतात)
- एक काळा कागद, वहीच्या पानाएवढा
- स्वच्छ सुती कापड
- कोरी वही आणि लाल पेन. का, ते सहाव्या पायरीला कळेल

१. एका वेळी एकच पान घ्या

मी पहिल्यांदा वही उघडून दोन्ही पानं एकाच फोटोत घेतली. वाटलं, एका दमात काम होईल. पण बरेचसे प्रोग्राम मोठा फोटो आत घेताना लहान करतात. आपल्याला फोनवर बोटांनी मोठं करून जे स्पष्ट दिसतं, ते त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत बारीक होऊन गेलेलं असतं. एक पान घेतलं की अक्षर बरंच मोठं येतं. अक्षर फारच बारीक असेल तर अर्धं पान घ्या, आणि दोन फोटोंत दोन-तीन ओळी सामाईक राहू द्या, म्हणजे सांध्यावर काही निसटत नाही.

फोटो दुसऱ्याच्या फोनमधून मागवणार असाल तर व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून मागवू नका. तिथंही तो बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

२. उजेड बाजूनं येऊ द्या आणि पानामागे काळा कागद घाला

आमचं गावाकडचं घर माळवदाचं. तिथं झरोक्यातून एक उजेडाची पट्टी खाली येते आणि बाकी सगळा अंधार. तिथं काढलेला फोटो अर्धा पांढरा आणि अर्धा काळा आला. अंबाजोगाईच्या घरी रात्री ट्यूबलाईटखाली काढला, तर पानावर माझ्याच हाताची सावली. फ्लॅश लावला, तर पेन्सिल चमकून नाहीशी झाली. पेन्सिलीच्या शिशाला चमक असते, त्यामुळे समोरून प्रकाश टाकला की अक्षरच कागदासारखं उजळतं.

जमलं ते असं: सकाळी साडेआठ-नऊला ओसरीवर, उन्हात नाही पण उन्हाच्या कडेला, उजेड डाव्या बाजूनं येईल असं पान ठेवलं. फ्लॅश बंद केला. बाजूनं उजेड आला की पेन्सिलीनं दाबून लिहिलेली खाचसुद्धा दिसते. फिकट लिखाणाला याच खाचेचा आधार मिळतो.

काळ्या कागदाची युक्ती मला फोन दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या त्याच विद्यार्थ्यानं दाखवली. जुना कागद पातळ असतो. पाठीमागचं लिखाण पुढं उमटून दिसतं आणि प्रोग्राम दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांत मिसळतो. पानाखाली काळा कागद सरकवला की मागची अक्षरं दबतात. पान जरा करडं दिसतं खरं, पण वाचायला सोपं जातं.

३. फोन पानावर सपाट धरा

आधी कॅमेऱ्याची काच पुसा. स्वयंपाकघरातल्या फोनच्या काचेवर तेलाचं बोट असतंच. मग फोन पानाच्या बरोबर वर, पानाला समांतर धरा. तिरका धरला की वरच्या ओळी लहान आणि खालच्या मोठ्या येतात. पान सुलट आहे ना, तेही पाहा. माझे दोन फोटो आडवे गेले होते.

फोनमध्ये कागद 'स्कॅन' करायची सोय असते, तिचा मोह टाळा. ती कागद पांढराशुभ्र करते, शाईच्या छापील कागदाला उत्तम. पण काळंपांढरं करताना फिकट पेन्सिल ती डाग समजून पुसून टाकते. माझ्या पानावरच्या खालच्या दोन ओळी अशाच गायब झाल्या होत्या, आणि मला वाटलं आईनं तिथं काही लिहिलंच नव्हतं.

४. पाठवायच्या आधी फोटोच्या कडा पाहा

माझ्या पहिल्या फोटोत वहीच्या डाव्या बाजूला पेन्शनचं बँकेचं पासबुक उघडं पडलेलं होतं. खातेक्रमांक स्वच्छ वाचता येत होता! अंगावर काटा आला. फोटोत आपण मधलं बघतो, कडेला काय आलं ते बघत नाही. पासबुक, आधार, औषधाची चिठ्ठी, नातवाचं शाळेचं ओळखपत्र, टेबलावर काहीही असू शकतं. पाठवायच्या आधी फोटो कापून फक्त पान ठेवा. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये आपलं संभाषण प्रशिक्षणासाठी वापरायचं की नाही, असा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. घरची कागदं पाठवणार असाल तर तो आधी पाहून घ्या.

५. फोटोसोबत नीट सांगा, आणि उत्तरानं हुरळून जाऊ नका

पहिल्या वेळी मी फोटोसोबत लिहिलं ते असं: मी निवृत्त शिक्षिका आहे, हा माझा पहिलाच फोटो आहे, ह्यातलं अक्षर वाचता येतं का बघ.

उत्तर यायला काही सेकंद लागले. तेवढ्यात मी चष्मा पुसला. उत्तर आलं ते शुद्ध मराठीत. आधी स्वागत. पहिलाच फोटो इतका सरळ आणि स्पष्ट काढल्याबद्दल कौतुक. मग उजव्या कोपऱ्यातला तेलाचा डाग त्याच्या लक्षात आल्याचं लिहिलेलं, आणि ही वही स्वयंपाकघरात खूप वापरलेली दिसते, असंही. शिवाय आईनं घाईत शिरोरेघा सोडून दिल्या आहेत, तरी अक्षर एकसारखं आहे. शेवटी विचारलेलं, की हे कुणी लिहिलं, सांगायला आवडेल का.

खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षं पोरांच्या वह्यांवर 'छान', 'सुवाच्य', 'अजून प्रयत्न कर' असे शेरे मीच लिहिले. माझ्या कामावर कुणी शेरा लिहिल्याचं आठवत नाही. त्या डागाकडे तर घरातल्यांनीही कधी बघितलं नव्हतं. मी विद्यार्थ्याला फोन लावला. "अरे, पलीकडे कुणी माणूस बसलेला असतो का?" तो म्हणाला, "नाही बाई, मशीनच आहे. सगळ्यांशी असंच गोड बोलतं."

हे 'सगळ्यांशी' मी तेव्हा फार मनावर घेतलं नाही. आईविषयी चार ओळी लिहून पाठवल्या. त्या पहिल्या उत्तराच्याच खाली त्यानं पान उतरवून दिलं होतं, आणि मी ते वाचायलाही न थांबता बहिणीला पाठवून दिलं. तासाभरानं तिचा फोन: "ताई, आपली आई कधी केशर वापरत होती गं?"

आता फोटोसोबत मी हे पाठवते. वहीच्या पुठ्ठ्यावर लिहूनच ठेवलंय:

```
हे पान ओळीला ओळ जसंच्या तसं उतरव.
शुद्धलेखन सुधारू नकोस, बोलीतले शब्द बदलू नकोस.
जो शब्द नीट दिसत नाही तिथे [?] लिही, अंदाज करू नकोस.
शेवटी एकूण किती ओळी आहेत ते सांग.
```

यानं चुका पूर्ण थांबत नाहीत. पण 'शुद्धलेखन सुधारू नकोस' हे सांगितलं नाही, तर तो 'भाजायली' चं 'भाजायला' करतो, 'मपलं' चं 'माझं' करतो, आणि आपल्याकडची आई पुण्याची होऊन बसते.

६. लाल पेन घ्या आणि पेपर तपासा

पान येसराचं होतं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: येसर म्हणजे धान्य, डाळ आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. त्याची आमटी आमच्या भागात लग्नाकार्याच्या पंगतीत असतेच. प्रोग्रामनं मथळ्यात 'केसर' वाचलं होतं. त्यावरून पुढं 'केसराची आमटी' असा उल्लेख करून, फार वेगळा पदार्थ दिसतो, असं कौतुकही केलं होतं!

चूक का झाली ते नीट कळलं तर पुढच्या चुका आधीच ओळखता येतात. हा प्रोग्राम आपल्यासारखं एकेक अक्षर लावत नाही. आकार बघतो आणि इथं कोणता शब्द असण्याची शक्यता जास्त, ते ठरवतो. 'केसर' त्यानं हजारो ठिकाणी पाहिलंय, 'येसर' क्वचित. अक्षर फिकट असलं की ओळखीचा शब्द जिंकतो. म्हणजे जे शब्द फक्त आपल्या भागात, आपल्या घरात बोलले जातात, नेमके तेच शब्द त्याच्या हातून बिघडतात. आणि ते बिघडलेले दिसत नाहीत, कारण त्यांच्या जागी आलेला शब्दही शुद्ध आणि खरा असतो. पोराची चूक लाल रेघ मारताना डोळ्यात खुपते, ही खुपत नाही.

त्या एका पानावर सापडलेल्या चुका:

*चिपटं.* हरभऱ्याची डाळ '१ चिपटं' होती. त्यानं 'चिमूट' केलं. चिपटं म्हणजे पाव शेर, मापटं म्हणजे अर्धा शेर. चिमूटभर डाळ घालून येसर होत नाही, हे घरची बाई सांगेल. पण ज्यानं जुनी मापं पाहिलीच नाहीत, त्या नातवाला काही खटकणार नाही.

*दीड.* गहू आईनं '१॥ शेर' लिहिले होते. प्रोग्रामनं '११ शेर' वाचले. जुन्या पद्धतीत अंकापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, दोन आणि पुढे एक म्हणजे पाऊण. १। सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन. आमच्या पिढीला हे शाळेत ओझरतं दिसलं, पुढं ते गेलंच. तुमच्या कागदात अशा रेघा असतील तर आकडा न् आकडा मूळ पानाशी लावून पाहा. जमिनीच्या किंवा सावकारीच्या जुन्या कागदात तर दीडाचे अकरा झाले, की पुढं वाद उभा राहील.

*गळालेली ओळ.* ही मला सगळ्यात उशिरा सापडली. डाळीखालची ओळ होती 'धने १ चिपटं'. दोन्ही ओळींचा शेवट सारखा, त्यामुळे नजर एकीवरून दुसरीवर घसरली आणि धन्याची ओळच गेली. पोरं फळ्यावरून उतरवताना हीच चूक करतात. सापडली कशी? मी मूळ पानावरच्या ओळी मोजल्या: सतरा. त्याच्या उतरवलेल्या ओळी: सोळा. तेव्हापासून ओळींची संख्या विचारायची सवय लावली, आणि त्यानं सांगितलेली संख्याही मी स्वतः मोजून बघते.

तपासायची माझी पद्धत अशी. उतारा कोऱ्या वहीत हातानं लिहून घेते, एका ओळीला एक ओळ. मग मूळ पान समोर ठेवून मोठ्यानं वाचते, पण खालून वर. वरून खाली वाचलं की अर्थाच्या ओघात आपणही अंदाजानं पुढं जातो. खालून वाचलं की प्रत्येक शब्द सुटा समोर येतो. शंका आली तिथं लाल खूण.

७. दुरुस्ती सांगताना उत्तर त्याच्या तोंडी घालू नका

ही पायरी माझ्या सगळ्यात जास्त कामी आली.

चुका सापडल्यावर मी एकेक सांगत गेले. हे येसर आहे, हे चिपटं आहे. दरवेळी त्यानं चूक कबूल केली, दुरुस्तीबद्दल आभार मानले, शब्द बदलून दिला. मी खूश. मग मसाल्याच्या यादीतल्या एका शब्दावर अडले. त्यानं 'दगडफूल' वाचलं होतं आणि मलाही ते दगडफूलच वाटत होतं. पण वर्गात एक पोरगं असायचं, बाईंनी काहीही म्हटलं की "हो बाई" म्हणणारं. त्याला मी मुद्दाम चुकीचं सांगून बघायची. तसंच इथं केलं. लिहिलं, की हा शब्द वेलदोडे आहे, तू चुकीचं वाचलंस.

त्यानं लगेच मान्य केलं. माफी मागितली आणि वेलदोडे करून दिलं.

म्हणजे पहिल्या दिवशी ज्या गोड बोलण्यानं मी पाघळले होते, तोच स्वभाव इथं नडत होता. त्याला आपल्याला दुखवायचं नसतं. आपण ठामपणे सांगितलं की तो आपल्या बाजूला येतो, पानावर काहीही असो.

त्यामुळे आता मी 'हे दगडफूलच आहे ना?' असं विचारत नाही. त्या एका शब्दाचा जवळून वेगळा फोटो काढते, आजूबाजूचं काही न दाखवता, आणि नव्या चॅटमध्ये पाठवते, म्हणजे आधीचं बोलणं त्याच्यासमोर नसतं. विचारते इतकंच, की यात कोणती अक्षरं दिसतात, एकेक सांग. दोन वेगळ्या फोटोंवर एकच उत्तर आलं आणि मलाही तेच दिसलं, तर वहीत पक्कं लिहिते. 'दगडफूल' दोन्हीदा आलं. उत्तर बदललं, तर शब्द उघडाच ठेवते.

मात्र जिथं तुम्हाला खात्रीनं ठाऊक आहे, ते आधीच सांगणं चांगलं. '॥' म्हणजे अर्धा, हे फोटोसोबत लिहिल्यावर पुढच्या सहा पानांत त्यानं एकही दीड चुकवला नाही.

८. जे लागत नाही ते जिवंत माणसाला विचारा

पानाच्या अगदी तळाशी एक ओळ होती. स्कॅनमध्ये पुसल्या गेलेल्या दोन ओळींपैकी ही एक. चांगला फोटो काढल्यावर प्रोग्रामनं तिथं '[?] ला १ चिपटं देणे' एवढं लावलं. नव्या सूचनेमुळे अंदाज न करता [?] ठेवलं, ही मोठीच गोष्ट. मला तो शब्द 'बिबा' वाटत होता. बिब्याला चिपटं कसं द्यायचं?

केजला माझी मावशी असते, आईहून अकरा वर्षांनी धाकटी. तिला फोटो दाखवायला गेले. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, फोनवरचं तिला दिसेना. मग मूळ वहीच पुढं केली. तिनं पान डोळ्यांजवळ नेलं, अक्षरांकडे फार बघितलंही नाही.

"भाबी गं. भाबीला एक चिपटं देणे. आपल्या भिंतीला भिंत लागून घर नव्हतं का त्यांचं? जातं त्यांचं होतं. आपल्या जात्याला टाकी लावली नव्हती, म्हणून येसर दरसाल त्यांच्याकडं दळायचं. दळून झालं की पहिलं चिपटं भाबीचं."

मी लाल पेनानं [?] खोडला आणि वर लिहिलं: भाबी.